बाळांच्या वाढीचे शब्द मराठीत कसे लिहावेत? आशा आणि सेविकांच्या प्रशिक्षण पत्रकासाठी मदत हवी

आंबेघाट

नमस्कार मंडळी. दापोली-गुहागर भागातल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांसाठी दोन पानी प्रशिक्षण पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ इंग्रजीत आहे. बाकीचा मजकूर जमला, पण स्टंटिंग, वेस्टिंग आणि अंडरवेट या तीन शब्दांपाशी गाडी अडली आहे.

सरकारी कागदांत बुटकेपणा किंवा खुजेपणा, लुकडेपणा किंवा कृशता, आणि कमी वजन असे शब्द दिसतात. ते पत्रकात टाकून एका सेविकाताईंना वाचायला दिले. त्या म्हणाल्या, "शब्द कळले. पण लुकडा म्हणजे कमी वजनाचाच ना? मग दोन रकाने कशाला?" त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. मराठीत वाचणाऱ्याला दुसरा आणि तिसरा शब्द एकच वाटतो. आणि पहिला शब्द आईसमोर उच्चारला तर आई घरातून हाकलून देईल.

तुम्ही काय शब्द वापरता? काय वापरावेत?

मचवा

सोपं आहे. तिन्हींना कुपोषित म्हणा. पन्नास वर्षं लोकांना तो शब्द कळतोय. उगाच फोड करून गोंधळ कशाला?

तरीवाली

मचवा, फोड केली नाही तरच गोंधळ होतो. मी सेविका आहे. आमच्याकडे एका मुलाला कुपोषित म्हटलं की सगळी वाडी त्याला खाऊ घालायला निघते. गूळ-शेंगदाणे, तूप, वर चमचाभर टॉनिक. त्या मुलाची उंची मागे असेल तर त्या तुपाने ती वाढत नाही, पोट तेवढं सुटतं. आणि खरोखर वाळलेलं मूल शेजारच्या घरात असतं, ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

कोकम_आगळ

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्हाला होतं: सुकटी आणि सूजवटी. चांगले अस्सल मराठी शब्द आहेत. वेस्टिंगला सुकटी का नको?

सड्यावरचा

कोकणात सुकटी? "ताई, तुमच्या बाळाला सुकटी आहे" म्हटलं तर बाई म्हणेल, "आहे की, डब्यात. वाटाभर देऊ का?" 😄

कोकम_आगळ

हा हा, हे डोक्यातच आलं नाही. सुकट आणि सुकटी, आमच्या आजीला दोन्ही सारखंच ऐकू येईल.

काजूबी

आमच्या आजोळी अशा मुलाला मुडदूस झाला म्हणायचे. हाडं वर आलेली, मान बारीक, चेहरा म्हाताऱ्यासारखा. गावात सगळ्यांना कळणारा शब्द आहे, तोच घ्या.

दवाखान्यातून

काजूबी, तुम्ही वर्णन अगदी बरोबर केलंत आणि जुन्या बायका ज्याला मुडदूस म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं. पण वैद्यकीय पुस्तकांत मुडदूस हा शब्द ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ होऊन पाय वाकतात त्या आजारासाठी ठरून गेला आहे. सेविकेने मुडदूस लिहून मूल पाठवलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर त्याचे पाय बघेल आणि कॅल्शियम लिहून देईल. शिवाय मुडदूस म्हटलं की घरचे आधी दृष्ट काढतात, मग दोरा बांधतात, आणि तिथेच आठ-पंधरा दिवस जातात. म्हणून तो शब्द पत्रकात नको. सेविकेने तो ऐकला तर तिला इशारा कळावा, एवढाच त्याचा उपयोग.

आंबेघाट, तुमच्या सेविकाताईंचा प्रश्न शब्दांचा नाही, मापांचा आहे. तीन शब्द म्हणजे तीन वेगळ्या तुलना. पहिल्यात उंचीची तुलना वयाशी, दुसऱ्यात वजनाची तुलना उंचीशी, तिसऱ्यात वजनाची तुलना वयाशी. लुकडेपणा आणि कमी वजन या दोन शब्दांत कशाची कशाशी तुलना केली तेच दिसत नाही, म्हणून ते एक वाटतात. माझ्या प्रशिक्षणात मी हे उदाहरण देतो.

दोन मुली. दोघीही दीड वर्षाच्या, दोघींचं वजन बरोबर 8 किलो. दीड वर्षाच्या मुलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या तक्त्यात वजनाची खालची हद्द 8.1 किलो आहे. म्हणजे दोघीही कमी वजनाच्या. वजनकाट्यावर आणि वयानुसार वजनाच्या आलेखावर दोघींचा ठिपका एकाच जागी पडतो.

आता लांबी मोजा. पहिली 73 सेंटिमीटर भरते. या वयाला हद्द 74.9 आहे, म्हणजे हिची उंची मागे आहे. पण 73 सेंटिमीटरच्या मुलीला 8 किलो वजन पुरेसं आहे, तिथली खालची हद्द साडेसात किलोच्याही आत आहे. अंगाने ती बरी दिसते, फक्त वयाने लहान वाटते. दंडघेर पट्टी लावली तर हिरव्यात येईल.

दुसरी भरते 80 सेंटिमीटर. उंची अगदी वयाप्रमाणे. पण 80 सेंटिमीटरच्या मुलीचं वजन किमान 8.5 असायला हवं, आणि 7.8 च्या खाली गेलं तर ती तीव्र गटात जाते. ही 8 वर आहे, म्हणजे मध्यम गटात, आणि तीव्र गटापासून फक्त 200 ग्रॅम दूर. एक जोराची हगवण तेवढं वजन दोन दिवसांत काढून घेते.

वजन एकच, वय एकच, आणि करायचं काम पूर्ण वेगळं. दुसरीला या आठवड्यात बघायला हवं. पहिलीच्या घरी वारंवार होणारे जुलाब, वरचं अन्न कधी सुरू झालं, आई पुन्हा गरोदर आहे का, हे बघायला हवं, आणि ते काम महिनोन्‌महिने चालतं.

आंबेघाट

डॉक्टर, हे उदाहरण जसंच्या तसं पत्रकात घेऊ का? मूळ इंग्रजीत नुसत्या व्याख्या आहेत, उणे दोन प्रमाण विचलन वगैरे.

दवाखान्यातून

जरूर घ्या. प्रमाण विचलन मात्र काढून टाका. सेविकेला तक्त्यात बोट ठेवून हद्द वाचता आली की पुरे.

मालवणी_मुलूख

आमच्याकडे कोण लुकडो म्हणत नाय आईच्या तोंडार. "जेवण अंगाक लागना नाय" म्हणतत. असा म्हटला की आईच सांगूक लागता, कधीपासून, काय झाला ता सगळा. शब्द आईक बोल लावणारो नको.

निवृत्त_पर्यवेक्षिका

मालवणी मुलूख यांनी लाखाची गोष्ट सांगितली. अंगाला लागत नाही, हे रायगडपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे चालतं.

पण माझं एक म्हणणं आहे. आईशी बोलायचा शब्द आणि रजिस्टरात लिहायचा शब्द वेगळे ठेवा, आणि पत्रकात दोन्ही शेजारी शेजारी द्या. रजिस्टरात आणि पोषण ट्रॅकरमध्ये जे शब्द आहेत ते आपण बदलू शकत नाही. पत्रकात तिसरेच सुंदर शब्द घातले तर सेविका मोबाईल उघडल्यावर पुन्हा गोंधळणार.

आणखी एक. रंगांबद्दल स्वतंत्र ओळ लिहाच. माता बाल कार्डावरच्या वजनाच्या आलेखात हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा असतो. दंडघेर पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असतो. दोन्हीकडचा पिवळा एक नाही! कार्डावरचा पिवळा म्हणजे वयाच्या मानाने वजन मध्यम कमी. पट्टीवरचा पिवळा म्हणजे दंड साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मध्ये, म्हणजे मूल वाळायला लागलंय. डॉक्टरांची पहिली मुलगी कार्डावर पिवळी आणि पट्टीवर हिरवी येईल. मी कित्येक बैठकींत बघितलंय, "पिवळी मुलं किती?" असं वरून विचारतात आणि प्रत्येक सेविका आपापल्या पिवळ्याचा आकडा सांगते. मग बेरीज कशाची होते?

तरीवाली

बाई, अगदी अगदी! आमच्या बीटमध्ये दर महिन्याला हेच.

पेणचा_पाहुणा

धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझी नात सव्वा दोन वर्षांची आहे, फार बारीक आहे, जेवताना तोंड फिरवते. वजन 10 किलो 400 ग्रॅम. नाचणी सत्त्व सुरू केलंय. अजून काही टॉनिक सुचवाल का?

दवाखान्यातून

काका, इथे टॉनिक सुचवत नाही. पण नुसत्या वजनावर काळजी करू नका. अंगणवाडीत नेऊन उंची मोजून घ्या, दंडघेर बघा, आणि मागच्या तीन महिन्यांची वजनं कार्डावर आहेत का पाहा. वजन दर महिन्याला थोडं का होईना चढत असेल तर मूल बारीक असूनही बरं असू शकतं. सलग दोन महिने वजन तिथेच अडलं असेल तर मात्र दाखवा, मग ठिपका हिरव्या पट्ट्यात असला तरीही.

पेणचा_पाहुणा

धन्यवाद डॉक्टर. कार्ड सुनेकडे आहे, बघतो. नाचणीने उंची वाढते असं ऐकलंय, ते खरं का?

सुरंगी

नाचणी चांगलीच, पण एकट्या नाचणीने उंची वाढली असती तर आमचं अख्खं गाव सहा फुटी झालं असतं. आम्ही तिच्यावरच वाढलो 😊

त्यावरून माझा मूळ मुद्दा. आमचं घराणंच ठेंगणं आहे. आई पावणेपाच फूट, मी पाच फूट. माझ्या मुलाला अंगणवाडीत बुटका लिहिलं तेव्हा फार वाईट वाटलं. परदेशातली मोजपट्टी आमच्या मुलांना का लावायची?

दवाखान्यातून

सुरंगीताई, तुमचं वाईट वाटणं समजतं. पण ती मोजपट्टी फक्त परदेशातली नाही. 2006 चा तक्ता ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांवरून केला आहे. भारतातली मुलं दिल्लीतली होती. नीट स्तनपान झालेली, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, बऱ्या परिस्थितीतली मुलं निवडली होती. सहाही ठिकाणी पहिल्या पाच वर्षांत लांबी जवळपास सारखीच वाढली. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला "घराणंच तसं" हे कारण सहसा पुरत नाही.

सहसा म्हणालो, कारण आईच्या उंचीचा बाळाच्या जन्माच्या लांबीवर परिणाम होतोच. आई स्वतः लहानपणी मागे राहिली असेल तर तिचं बाळ लहान जन्मतं आणि एका पिढीत ते भरून येत नाही. भारतातल्या मुलांना हा तक्ता जसाच्या तसा लावावा का, यावर आपल्याकडचे तज्ज्ञही अजून भांडतात. एका मुलाच्या नावापुढे शिक्का मारताना तेवढं लक्षात असावं.

सुरंगी

म्हणजे माझ्या आईचं खुंटणं माझ्या मुलापर्यंत आलं असेल. हे कुणी असं सांगितलं नव्हतं. सेविकेने बुटका न म्हणता "उंची वयाच्या मागे आहे" म्हटलं असतं तर मी ऐकून तरी घेतलं असतं.

काजूबी

"मागे आहे" छान वाटतंय. खुरटणं हा शब्दही आहे. रोप खुरटतं तसं.

निवृत्त_पर्यवेक्षिका

खुरटलेलं रोप लोक उपटून टाकतात. नको.

मचवा

बरं, फोड हवी हे मान्य. पण मग हे सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या, महाराष्ट्राचे आकडे बघितले. उंची मागे 35.2 टक्के, वाळलेली 25.6 टक्के, कमी वजन 36.1 टक्के. बेरीज 96.9. राज्यातली जवळजवळ सगळीच मुलं कुपोषित? हे पटतं का कुणाला?

कोकम_आगळ

बेरीज करायची नसते ती. डॉक्टरांच्या दोन्ही मुली बघा. पहिली उंचीच्या रकान्यात आणि कमी वजनाच्या रकान्यात. दुसरी वाळलेल्यांच्या रकान्यात आणि कमी वजनाच्या रकान्यात. मुली दोन, नोंदी चार. एखादं मूल तिन्हीकडे असतं.

मचवा

अच्छा. मग हे वर्तमानपत्रवाले का बेरीज करतात? आमच्या तालुक्याच्या बातमीत केली होती.

कोकम_आगळ

तो वेगळा धागा काढावा लागेल.

खाडीपलीकडे

मी आशा आहे, पहिल्यांदाच लिहितेय. शब्दांचं चाललंय ते बरोबर, पण पत्रकात मोजायचं कसं ते लिहिणार का? दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं असतं, दोघींनी मिळून. एकीने डोकं फळीला टेकवायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून तळवे सरळ करायचे. मदतनीस रजेवर असली की एकटी सेविका काय करते? मूल उभं करते भिंतीला. उभं मोजलं की साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. झोपवून 75.2 भरणारी दीड वर्षाची मुलगी उभी मोजली की साडेचौऱ्याहत्तर. हद्द 74.9. झाली ना ती मागे, एका दिवसात!

घरचेही झोपवून मोजू देत नाहीत. नजर लागते म्हणतात. मी आधी पट्टीने त्यांच्याच पाळण्याची लांबी मोजते, मग हसतात आणि बाळ देतात.

तरीवाली

आणि वय! आमच्या कोळीवाड्यात सगळे दाखले आहेत आता. पण जे कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं, त्या बाळाचं वय विचारलं तर "शिमग्यानंतर झाला" एवढंच. कुठला शिमगा? वय तीन महिने चुकलं की उंचीचा रकाना चुकला, वयाच्या वजनाचाही चुकला.

दवाखान्यातून

हाच मुद्दा पत्रकात ठळक छापावा. तीनपैकी दोन तुलनांना वय लागतं. वजनाची उंचीशी तुलना करायला वय लागत नाही. दंडघेरालाही महिना नेमका लागत नाही, मूल सहा महिने ते पाच वर्षांच्या मधलं आहे एवढं कळलं की झालं. भट्टीवरून आलेल्या मुलाचा दाखला मिळेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दंडघेर घ्या. साडेअकराच्या खाली, म्हणजे लाल, आलं तर लगेच पाठवा.

फक्त एवढं सांगतो की पट्टी आणि उंचीवरचं वजन नेहमी एकच मूल पकडत नाहीत. काही मुलं एकात सापडतात आणि दुसऱ्यात सुटतात. शक्य तिथे दोन्ही करा. कुठल्यावर जास्त भर द्यावा हे अजून पुरतं ठरलेलं नाही.

मालवणी_मुलूख

जून-जुलैत होड्या बंद असतत. बंदीचे दोन महिने. हातात पैसो नाय, ताजी मासळी नाय, वरून पावसाचा पाणी आणि हगवण. आमच्या गावात पोरां वाळतत ती तेव्हाच. ह्या पण सांगूक होया की नाय, कधी जास्त बघूचा ता?

निवृत्त_पर्यवेक्षिका

सांगायला हवंच. वाळणं हे ऋतूवर हलतं, उंची तशी हलत नाही. श्रावणात वाळलेलं मूल नीट लक्ष दिलं तर काही आठवड्यांत भरून येतं. उंचीचं नुकसान पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत हळूहळू होतं आणि नंतर फार थोडं भरून निघतं. म्हणून मे महिन्याची यादी ऑगस्टमध्ये चालवू नका, एवढी एक ओळ पत्रकात येऊ द्या.

बंदीच्या काळात जवळ्याची पूड भातात मिसळून देता येते. मीठ धुऊन, नीट भाजून, अगदी बारीक करून. आठ-नऊ महिन्यांच्या पुढच्या बाळाला चालते.

सड्यावरचा

शेवटी सुकटीच्या जागी सुकट आलीच 😄

आंबेघाट

मंडळी, तुमचं सगळं वाचून रकाना असा लिहिला आहे. कसा वाटतो सांगा.

पहिला. नोंदीत: वयाच्या मानाने उंची कमी (सरकारी शब्द बुटकेपणा, खुजेपणा). आईशी बोलताना: "बाळाची उंची वयाच्या थोडी मागे आहे."

दुसरा. नोंदीत: उंचीच्या मानाने वजन कमी (सरकारी शब्द लुकडेपणा, कृशता). आईशी बोलताना: "बाळ वाळलंय, जेवण अंगाला लागत नाहीय."

तिसरा. नोंदीत: वयाच्या मानाने वजन कमी. आईशी बोलताना: "वजन वयाच्या मागे आहे. कशामुळे ते बघायला आज उंचीही मोजूया."

त्याच्या खाली डॉक्टरांच्या दोन मुली चित्रासह, मग पिवळ्या रंगाची ओळ, मग वय माहीत नसेल तर काय.

तरीवाली

तिसऱ्यातलं "आज उंचीही मोजूया" मला फार आवडलं. आमच्याकडे वजन झालं की रजिस्टर मिटतात.

खाडीपलीकडे

"बाळ वाळलंय" हे आईला तोंडावर म्हणू नका. आमच्या गावात वाळलंय म्हणजे आता जगत नाही, असा अर्थ घेतात. नुसतं अंगाला लागत नाही, एवढंच ठेवा.

काजूबी

आमच्याकडे वाळलंय अगदी सहज म्हणतात, त्यात वाईट काही नाही.

आंबेघाट

खाडीपलीकडे, काढते. गावागणिक अर्थ बदलतोय तर आईच्या वाक्यात नकोच. सेविकांना आपसात बोलताना चालेल.

दवाखान्यातून

रकाने उत्तम. एक मोठी गोष्ट राहिली आहे, सूज. दोन्ही पावलांवर सूज आलेलं मूल या तीनपैकी कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही, कारण अंगातलं पाणी वजनात धरलं जातं. काटा बरा आकडा दाखवतो, गाल भरलेले दिसतात, आणि आजी म्हणते बाळसं धरलंय. अशा मुलाला माझ्यासमोर "गुटगुटीत" म्हणून कौतुकाने आणलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. काढल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला तर वजन, उंची, पट्टी काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषित आणि त्याच दिवशी दवाखान्यात. एकाच पायावर असेल तर कारण दुसरं असेल, तरी दाखवाच.

हे चौथा रकाना म्हणून घालू नका. तिन्हींच्या वर, सगळ्यात आधी घाला. पत्रक वाचताना सेविकेने पहिल्यांदा पाय बघावेत, मग काटा काढावा.

आंबेघाट

वर घालते. आई-आजीशी बोलायला काय वाक्य असावं? "हे बाळसं नाही, सूज आहे" असं थेट?

निवृत्त_पर्यवेक्षिका

थेट नको. आजीचाच अंगठा पावलावर ठेवायला लावा. खड्डा तिलाच दिसू दे, मग बोला.

सुरंगी

आंबेघाट, पत्रक झालं की इथे टाका. आमच्या सेविकाताईंना मी स्वतः नेऊन देते. मुलाची उंचीही पुन्हा मोजून घेते, या वेळी उभं की आडवं ते विचारून. तो आता दोन वर्षं तीन महिन्यांचा आहे, म्हणजे उभंच ना?

खाडीपलीकडे

हो ताई, दोन वर्षं झाली की उभं. चप्पल काढून, टाच, ढुंगण आणि पाठ फळीला लावून. आणि मुलीच्या डोक्यावर आंबाडा असेल तर तो सोडून, नाहीतर फळी वरच राहते.

मचवा

मुलगा आहे हो त्यांचा.

खाडीपलीकडे

पत्रकासाठी सांगितलं, मचवाभाऊ 😊